निकालपत्र शेवटाकडून वाचावे

परभणी

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला सारांश वाचला. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध नारायण शामराव पुराणिक' या 1982 च्या निकालाखाली तू लिहिले आहेस की, मराठवाड्याच्या जनतेला जवळ न्याय मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने औरंगाबादला खंडपीठ दिले. आपल्या भागातले कोणीही असेच सांगेल, पण सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तो नव्हे.

निकालपत्र हाती घेतले की आधी शेवटची पाने उघड आणि आदेश काय झाला ते पाहा. इथे शासनाचे अपील मंजूर झाले, म्हणजे उच्च न्यायालयाचा निकाल उलटला. मग उच्च न्यायालयाने काय म्हटले होते ते शोध. या दोन निकालांत जिथे फूट पडते, तिथेच वादमुद्दा असतो.

वस्तुस्थितीत एवढेच ठेव: राज्य पुनर्रचना अधिनियम, 1956 च्या कलम 51(3) खाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने आदेश काढला, 27 ऑगस्ट 1981 पासून न्यायाधीश औरंगाबादलाही बसू लागले आणि त्या आदेशाला आव्हान दिले गेले. निजामी राजवट, नागपूर करार, मुंबईच्या खेपा हे सारे आपल्या जिव्हाळ्याचे असले तरी ती पार्श्वभूमी आहे. कोणती घटना ठेवायची याची कसोटी सोपी आहे: ती काढून टाकली तर निर्णय बदलेल का? राज्यपालांची मान्यता काढली तर बदलेल, म्हणून ती ठेवायची.

वादमुद्दा प्रश्नाच्या रूपात, कलमाला धरून लिही: 1960 मध्ये महाराष्ट्र झाल्यानंतरही कलम 51(3) चा अधिकार शिल्लक होता का, की तो 1956 च्या संक्रमणकाळापुरताच होता?

सर्वांत जास्त चूक कारणमीमांसेत होते. न्यायाधीश आधी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सविस्तर मांडतात, आणि घाईत वाचणारा विद्यार्थी हरलेल्या पक्षाचे म्हणणेच न्यायालयाचे समजून उतरवून घेतो. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात नेमके तेच झाले आहे. 'वकिलांनी असे प्रतिपादन केले' संपून 'आमच्या मते' कुठे सुरू होते, तिथे समासात पेन्सिलीने रेघ ओढ आणि कारणे त्या रेघेखालूनच घे. या निकालात त्या रेघेखाली न्यायालय म्हणते की हा अधिकार तात्पुरता नाही, तो पुढेही चालू राहतो. शिवाय पोटकलम 2 आणि पोटकलम 3 यांची क्षेत्रे वेगळी आहेत. कायम खंडपीठ पोटकलम 2 खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने होते, तर न्यायाधीशांनी अन्य ठिकाणी बसण्याची व्यवस्था मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने करू शकतात.

निर्णय मग एका वाक्यात बसतो: कलम 51(3) चा अधिकार कायम असल्यामुळे मुख्य न्यायमूर्तींचा आदेश वैध आहे. कायम खंडपीठ 1984 मध्ये, पोटकलम 2 खाली झाले. ते या सारांशातून खोडून टाक आणि वही पुन्हा पाठव.

तुझा,
सर