५१ टक्के, मुक्त विद्यापीठ आणि एमपीएचचा अर्ज

«मॅडम, मी पुण्यात एका वस्तीत नऊ वर्षं आशा म्हणून काम करते. बी.ए. लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलं, ५१ टक्के. आता सार्वजनिक आरोग्यातलं एमपीएच करायचंय. अर्जाबरोबर एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय ते सांगणारं निवेदन मागतात. बाकीचे अर्जदार डेंटिस्ट, बीएएमएस, नर्सिंगवाले. माझ्याकडे ना पेपर, ना इंटर्नशिप. मी लिहू तरी काय?»

ताईंना मी आधी प्रत्येक कॉलेजचं माहितीपत्रक उघडायला लावलं आणि पात्रतेची ओळ वाचून घेतली. कुठे नुसती पदवी पुरते, कुठे ५० टक्के लागतात, कुठे ५५, कुठे ठरावीक शाखाच चालतात. जिथे ५५ ची अट आहे तिथे एसओपी कितीही चांगलं लिहिलं तरी अर्ज छाननीतच बाद होतो, ते कुणी वाचतसुद्धा नाही. म्हणून अशी नावं यादीतून सरळ काढली. मुक्त विद्यापीठाच्या पदवीची धास्ती मात्र विनाकारण होती. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

मग त्यांनी मसुदा दाखवला. इंग्रजीत होता, भाच्याने लिहून दिलेला. ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड’ इथून सुरुवात, मग एक सुविचार, मग कोविड. २०२० मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन ताई घरोघर फिरल्या होत्या, ते खरंच. पण त्या काळात आरोग्याच्या क्षेत्रात असलेल्या प्रत्येकाच्या अर्जात कोविडचा परिच्छेद असतो. शेवटी एक वाक्य होतं: ‘माझ्या प्रयत्नांमुळे वस्तीतील लसीकरण ५९ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेले.’

मी तिथेच थांबले. विचारलं, ‘ताई, हे कशावरून?’

त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. सरकारी रजिस्टर वेगळं, ही त्यांची स्वतःची. पेंटाव्हॅलंट लसीचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. साडेतीन महिने ते दोन वर्षं या वयाची ४१ मुलं त्यांच्या यादीत होती. २४ जणांच्या नावापुढे तिसऱ्या डोसची नोंद होती, १७ कोरी. म्हणजे ५९ टक्के. त्या १७ घरी ताई स्वतः गेल्या. नऊ कुटुंबं वस्ती सोडून गेली होती, कुणी दुसऱ्या साइटवर, कुणी गावाला. तिघांनी तिसरा डोस आजोळी घेतला होता आणि तशी नोंद कार्डावर होती. खरी राहिलेली मुलं पाचच. तिघांच्या आया सकाळी सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायला जायच्या आणि अंगणवाडीतलं लसीकरण सत्र नेमकं त्याच वेळी असायचं. दोन घरी दुसऱ्या डोसनंतर बाळाला ताप आला होता, म्हणून सासूने नको म्हटलं होतं. या लसीनंतर एकदोन दिवस ताप येणं नेहमीचंच आहे, पण ते आधी सांगितलं नसेल तर पुढचा डोस हमखास चुकतो.

आता हिशेब बघा. गेलेली नऊ मुलं वजा केली की उरतात ३२, त्यांपैकी डोस झालेली २७. झाले ८४ टक्के! एकाही नव्या बाळाला सुई न टोचता टक्केवारी पंचविसाने वाढली. यात ताईंनी काही लपवलेलं नव्हतं. त्यांनी यादी साफ केली होती आणि ते कामही महत्त्वाचं आहे. पण ‘माझ्या प्रयत्नांमुळे लसीकरण वाढले’ हे वाक्य एमपीएच शिकवणारा माणूस वाचेल तेव्हा पहिला प्रश्न विचारेल, छेद कोणता धरला? तिथे उत्तर नसेल तर नऊ वर्षांचं काम एका वाक्यात संशयास्पद ठरतं.

मी सहज विचारलं, ‘नऊ गेली, तशी नवीन आलीही असतील ना?’

ताई म्हणाल्या, ‘आली की. ती यादीत नसतात, मी मागच्या पानावर लिहिते.’

मागच्या पानावर त्याच वयाची ११ मुलं होती. चौघांच्या कार्डावर तिसरा डोस होता, दोघांच्या कार्डावर नव्हता आणि पाच जणांकडे कार्डच नव्हतं. आईला विचारलं तर ‘मांडीवर सुई दिली होती’ एवढंच सांगता येत होतं. ही ११ धरली की वस्तीत मुलं ४३ आणि खात्रीने डोस झालेली ३१, म्हणजे ७२ टक्के. तीच वस्ती, तीच बाई, तीच वही आणि तीन वेगळे आकडे. मला विचाराल तर त्यांचं एसओपी त्या मागच्या पानावर आधीच लिहिलेलं होतं. भाच्याला ते दिसणार कसं!

त्यानंतरचा मसुदा आम्ही मराठीतच केला. ताई बोलत होत्या, मी टिपून घेत होते. त्यातला मधला परिच्छेद त्यांच्या परवानगीने देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘माझ्या यादीप्रमाणे तिसऱ्या पेंटा डोसचं प्रमाण ५९ टक्के होतं. डोस न झालेल्या १७ मुलांच्या घरी गेल्यावर कळलं की नऊ मुलं आता वस्तीत राहत नाहीत आणि तिघांनी दुसरीकडे लस घेतली आहे. त्यांचा हिशेब केल्यावर प्रमाण ८४ टक्के झालं. पण नव्याने आलेली ११ मुलं कोणत्याच यादीत नव्हती. ती मिळवल्यावर ते ७२ टक्क्यांवर आलं, आणि त्यातही पाच मुलांबद्दल मला खात्रीने काही सांगता येत नाही. राहिलेल्या पाच मुलांसाठी सिस्टरशी बोलून आम्ही एक सत्र दुपारी चारनंतर घेतलं, तिथे चार मुलं आली. सतत ये-जा असलेल्या वस्तीत किती मुलं लसीविना राहतात हे कसं मोजायचं, ते मला अजून येत नाही. ते शिकण्यासाठी मला हा अभ्यासक्रम करायचा आहे.’

शेवटच्या दोन वाक्यांना ताईंचा विरोध होता. ‘येत नाही असं लिहिलं तर घेतील का?’ त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पण तीच वाक्यं काढली तर ‘एमएसडब्ल्यू का नाही, एमपीएचच का’ याला उत्तर उरत नाही. लोकांशी बोलणं, सासूची समजूत काढणं, सत्राची वेळ बदलून घेणं हे सगळं त्यांना येतंच. त्यांचं अडतं ते मोजण्यापाशी, आणि रोगपरिस्थितीशास्त्र आणि जैवसांख्यिकी हे विषय एमपीएचच्या पहिल्या टप्प्यातच असतात. सत्राला चार मुलं आली, हेही चारच लिहिलं. त्याची टक्केवारी काढू दिली नाही. पाचांतल्या चारांचे ८० टक्के करून लिहिणं वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

मार्कांसाठी दोन वाक्यं दिली, तीही शेवटाकडे: पदवी नोकरी-संसार सांभाळून मुक्त विद्यापीठातून घेतली, ५१ टक्के. आकडेवारीचा अभ्यास जमेल का हे आजमावण्यासाठी ‘स्वयम’ पोर्टलवरचा एक अभ्यासक्रम परीक्षेसह पूर्ण केला. हा अभ्यासक्रम त्यांनी अर्जाच्या आधीच्या सहामाहीत केला होता. शिकणं मोफत, परीक्षेची फी तेवढी भरावी लागते. कमी मार्कांबद्दल परिस्थितीचं रडगाणं लिहायचं नाही, असं मी बजावलं होतं. निवड समितीला परिस्थिती कळते. त्यांना शंका असते ती एवढीच, की बाई पहिल्या सत्रात टिकतील का.

अनुभवाच्या दाखल्याचा प्रश्न जरा किचकट निघाला. आशा ही मानसेवी कार्यकर्ती. तिला कामानुसार मोबदला मिळतो, नेमणूकपत्र आणि पगारपत्रक नोकरीसारखं नसतं. अर्जात ‘नियोक्ता’ असा रकाना आला की गाडी अडते. ताईंनी नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं. कधीपासून काम करतात, किती लोकसंख्या त्यांच्याकडे आहे आणि कोणती कामं केली, एवढंच त्यात होतं. शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच घेतलं. कॉलेजच्या ज्या सरांना ताईंचा चेहराही आठवणार नाही, त्यांच्यामागे लागण्यात काही अर्थ नव्हता. मात्र डॉक्टरांना ‘मेहनती, प्रामाणिक’ असं मोघम लिहू नका, त्या १७ घरांबद्दल लिहा, असं ताईंनी आधीच सांगितलं होतं.

वहीच्या पानांचे फोटो जोडायची ताईंची फार इच्छा होती. त्याला मी साफ नकार दिला. त्यावर मुलांची नावं होती, आयांचे मोबाइल नंबर होते. आरोग्य क्षेत्रातल्या अर्जात अशी माहिती उघडी टाकणं हीच नापास होण्याची खूण आहे. वस्तीचं नावसुद्धा आम्ही काढलं, नुसतं ‘पुण्यातील एक झोपडपट्टी’ ठेवलं.

इंग्रजी शेवटी. भाच्यानेच भाषांतर केलं, पण अट एकच होती, जे वाक्य ताईंना मोठ्याने वाचून समजावून सांगता येणार नाही ते राहणार नाही. दोन-तीन झुळझुळीत वाक्यं अशी गेली. इंग्रजी साधं राहिलं. मुलाखतीत तेच इंग्रजी बोलायचं होतं, त्यामुळे बरंच झालं.

ताईंना तीन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, एका ठिकाणाहून आलं. तिथे मार्कांवर एकही प्रश्न नव्हता. पहिला प्रश्न होता, ‘आता यू-विनवर लसीकरणाची ऑनलाइन नोंद होते, मग तुमची वही कशाला?’ ताईंनी सांगितलं की एकदा नोंदलेलं मूल कुठेही गेलं तरी सापडू शकतं, पण ज्याचं नाव कधी नोंदलंच गेलं नाही, किंवा ज्याच्या आईचा नंबर बदलला, ते बाहेरच राहतं. मग त्यांना विचारलं, यादीबाहेरची मुलं शोधायची कशी? ताई म्हणाल्या, यादी बाजूला ठेवायची, काही गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्या गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन कार्ड मागायचं. समोरच्या प्राध्यापकांनी सांगितलं की लसीकरणाची पाहणी जगभर बरीच वर्षं याच धर्तीवर होत आली, ३० समूह निवडायचे आणि प्रत्येकात ७ मुलं शोधायची. ताईंनी तिथल्या तिथे विचारलं, ‘सातच का?’ पुढची दहा मिनिटं त्यावरच गेली. प्रवेश मिळाला. फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज आता भरायचा आहे, आणि त्यातही हाच परिच्छेद चालेल का, असं विचारायला त्या पुढच्या आठवड्यात येणार आहेत.