सरबत वर कोण ढकलतं?

*‘लेक सहा वर्षांची आहे. स्ट्रॉने सरबत वर कसं येतं, असं विचारते. हवेचा दाब तिला गोष्टीतून कसा सांगू?’*

माझ्या पुतण्यांना मी सांगते ती गोष्ट देते. गोष्ट सांगताना हातात बरणी असू द्या.

मे महिन्याची दुपार. संजू आणि त्याची धाकटी मामेबहीण चिमी ओटीवर कोकम सरबत पीत होते. चिमी म्हणाली, “दादा, मी सरबत ओढते ना, म्हणून ते वर येतं.”

“बरं, मग हे ओढून दाखव.” संजूने काचेची बरणी गळ्यापर्यंत सरबताने भरली. झाकणाला भोक पाडून त्यात स्ट्रॉ घातली आणि भोवतीची फट मळलेल्या कणकेने लिंपून टाकली. चिमीने ओढलं. जेमतेम घोटभर आलं आणि थांबलं. गाल आत गेले, डोळे मोठे झाले, तरी थेंब येईना. तिने तोंड काढलं तशी बरणीत बुडबुड झाली.

“ही कोण आत गेली?”

“हवा. मघाशी पेल्यात ती सरबतावर बसली होती. तू स्ट्रॉमधली हवा तोंडात घेतलीस, तिथला दाब कमी झाला, आणि बाहेरच्या हवेने सरबत वर ढकललं. इथे तिला मी बाहेरच ठेवलंय.” मग संजूने काडीने कणकेला भोक पाडलं. “आता पी.” सरबत सुर्रकन वर आलं.

करून बघताना दोन गोष्टी सांभाळा. पातळ प्लास्टिकची बाटली घेऊ नका. ओढलं की ती चेपते आणि सरबत येत राहतं, मग सगळा खेळ फसतो. बरणी अर्धी रिकामी असली तरी आतली हवा पसरते आणि बरेच घोट वर येतात. काठोकाठ भरूनही सरबत येतच राहिलं, तर कणकेत कुठेतरी फट आहे.

चिमीने विचारलं, “हवा एवढी जोरात ढकलते?”

“तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक किलो. आपल्या आतूनही तेवढाच दाब असतो, म्हणून कळत नाही.”

“मग खूप लांब स्ट्रॉ घेतली तर?”

संजू तिला विहिरीवर घेऊन गेला. मोटर काठावर नव्हती, खाली पाण्याजवळच्या कट्ट्यावर बसवलेली होती. “कितीही ओढलं तरी हवा पाणी दहा मीटरच्या आसपासच चढवते. मोटरला तर सात-आठ मीटरलाच धाप लागते. म्हणून बाबांनी तिला खाली नेलं. तिथून वर मोटर पाणी स्वतः ढकलते.”

चिमी कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे मोटरसुद्धा ओढत नाही!”