शेवटचे ‘का’ ऑपरेटरपाशी येऊन थांबते तेव्हा

“सर, मी मेकॅनिकल डिप्लोमा करून भोसरीच्या एका कारखान्यात चौदा महिने मेंटेनन्स ट्रेनी आहे. आमचा एक हायड्रॉलिक प्रेस सारखा बंद पडतो. दर वेळी सील बदलतो, थोडे दिवस चालतो, पुन्हा तेच. मला त्याचा रूट कॉज अहवाल लिहायला सांगितला. मी फिशबोन काढला, पाच ‘का’ लिहिले, शेवटी ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष व ट्रेनिंगचा अभाव’ असे आले. साहेबांनी अहवाल दोनदा परत केला. पुढच्या महिन्यात चाकणला मुलाखत आहे आणि असा एखादा अहवाल सोबत आणा म्हणाले आहेत. आधी सिक्स सिग्माचा कोर्स करू का? लॉगबुकची पाने जोडली आहेत.”
— एक ट्रेनी, भोसरी

कोर्स तूर्त बाजूला ठेवावा आणि हाच अहवाल तिसऱ्यांदा लिहावा, असे माझे मत आहे. मुलाखत घेणारा मेंटेनन्स प्रमुख प्रमाणपत्रावरून नजर फिरवतो आणि अहवालातल्या दुसऱ्या ‘का’वर बोट ठेवून “हे कशावरून?” एवढेच विचारतो. तुमच्या अहवालात त्या प्रश्नाचे उत्तर एकाही ओळीत नाही. ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ हे वाक्य कोणत्याही मशीनच्या कोणत्याही बिघाडाखाली लिहिता येते, आणि म्हणूनच ते एकाही बिघाडाचे कारण सांगत नाही. साहेबांनी अहवाल परत केला तो यासाठीच असावा.

या कामाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षे मेंटेनन्समध्ये होतो आणि तुमच्याशी मिळताजुळता एक बिघाड मी स्वतः चुकीच्या पद्धतीने हाताळला होता. तोच इथे सविस्तर सांगतो. तुमच्या प्रेसचे कारण हेच असेल असे मी म्हणत नाही, परंतु शोधण्याची रीत तीच राहील.

आमचा 150 टनी प्रेस दाब धरत नसे. रिलीफ व्हॉल्व्ह 180 बारला लावलेला असताना गेजवर काटा 125च्या आसपास रेंगाळायचा आणि मशीन थांबायचे. आम्ही सिलिंडरचे सील बदलायचो, प्रेस चालू व्हायचा, लॉगबुकमध्ये ‘सील बदलले, मशीन ओके’ अशी नोंद व्हायची. पुढे पंपही बदलला, तेव्हा तीन आठवडे शांततेत गेले आणि पंपच खराब होता अशी आमची खात्री झाली. चौथ्या आठवड्यात काटा पुन्हा 125वर आला.

पहिला धागा लॉगबुकनेच दिला, फक्त आम्ही ते तारखेऐवजी वेळेनुसार वाचायला हवे होते. फेब्रुवारी ते मे या काळातल्या 11 बिघाडांपैकी 9 दुपारी तीन ते सात या वेळेतले होते. दुसरी पाळी तीनला सुरू होत असल्याने सगळ्यांचा संशय त्या पाळीच्या ऑपरेटरवर गेला. मग बिघाड कुठे होतो याच्या बरोबरीने तो कुठे होत नाही हेही आम्ही पाहिले. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी पहिल्या पाळीत एकदाही प्रेस थांबलेला नव्हता. शिवाय दोन दिवस असे सापडले, की डाय दुरुस्तीला गेल्यामुळे प्रेस सकाळभर बंद होता आणि दुपारी तीनला सुरू झाला. त्या दोन्ही दिवशी तोच ऑपरेटर असूनही पाळी बिनबोभाट पार पडली होती. म्हणजे संबंध पाळीशी नव्हता, मशीन किती तास सलग चालले आहे याच्याशी होता. सील बदलल्यावर प्रेस का चालायचा याचाही उलगडा तेव्हा झाला. दुरुस्तीला चार तास लागत आणि तेवढ्या वेळात टाकीतले तेल थंड होत असे. गुण त्या विश्रांतीचा होता, नव्या सीलचा नव्हे.

फिशबोन काढायचा तो या टप्प्यावर. जपानच्या काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही आकृती शक्यता मांडण्यासाठी आहे. तुमच्या अहवालात मात्र ती निष्कर्ष ठरल्यानंतर काढलेली दिसते, कारण तिची सगळी हाडे एकाच उत्तराकडे बोट दाखवतात. माणूस, मशीन, साहित्य, पद्धत, मोजमाप आणि परिसर या सहा हाडांवर आम्ही 19 शक्यता लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ती कशी तपासली आणि काय दिसले हे नोंदवले. उदाहरणार्थ, सिलिंडरचे सील गळतात ही शक्यता तपासण्यासाठी सिलिंडरकडे जाणारी लाइन बंद करून पंपापाशी दाब पाहिला. तो तरीही 125वरच राहिला, तेव्हा सील संशयातून सुटले. रिलीफ व्हॉल्व्हच्या जागी शेजारच्या प्रेसचा चांगला व्हॉल्व्ह लावून पाहिला, फरक पडला नाही, तेव्हा तोही सुटला. ज्या शक्यतेपुढे तपासणी लिहिता येत नाही ती खोडू नये आणि मान्यही करू नये. ती उघडी ठेवावी.

ट्रेनींच्या आकृतीत मोजमापाचे हाड बहुधा रिकामे असते. तुमच्याही आहे. आमच्या टाकीवर तेलाच्या तापमानाचा एक छोटा गेज होता आणि चेकशीटमध्ये त्याचा रकाना होता. त्या रकान्यात जानेवारीच्या सकाळी 45, मेच्या भर दुपारी 45, ओळीने सगळीकडे 45 असे लिहिलेले होते. मी गेजच्या काचेवर टिचकी मारली, काटा तसूभरही हलला नाही. ऑपरेटरने दुर्लक्ष केले नव्हते. त्याला जे दिसत होते ते तो इमानाने लिहीत होता. दुसरा थर्मामीटर टाकीत सोडला तेव्हा दुपारी चार वाजता तेल 72 अंश सेल्सिअसवर होते.

आता ‘का’ची साखळी. दाब का येत नाही? पंपाच्या आतच तेल मागे गळते. का गळते? तेल पातळ झाले आहे; 68 ग्रेडच्या तेलाचा चिकटपणा 40 अंशांना 68 सेंटिस्टोक असतो, तो 70 अंशांना साधारण 20वर येतो, आणि झिजू लागलेल्या पंपाला एवढे पातळ तेल धरून ठेवता येत नाही. नवा पंप काही आठवडे निभावतो, कारण त्याच्या आतल्या फटी अजून बारीक असतात. तेल का तापते? ऑइल कूलर उष्णता काढत नाही. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या तेलात जेमतेम 2 अंशांचा फरक होता, तर शेजारच्या प्रेसच्या तशाच कूलरवर तो 8 अंश होता. का काढत नाही? कूलर उघडला तेव्हा पाण्याच्या नळ्यांत पांढऱ्या क्षाराचा कडक थर निघाला. थर एवढ्या लवकर का साचला? या प्रेसला पाणी देणाऱ्या कूलिंग टॉवरला फेब्रुवारीपासून एमआयडीसीच्या पाण्याऐवजी बोअरवेलचे जड पाणी जोडले होते आणि कूलरची सफाई मात्र पूर्वीप्रमाणे वर्षातून एकदाच ठरलेली होती. ती का बदलली नाही? पाण्याचा स्रोत बदलण्याचा निर्णय दुसऱ्या विभागाने घेतला आणि अशा बदलाची खबर मेंटेनन्सला देण्याची कोणतीही पद्धत कारखान्यात नव्हती.

हे सहा ‘का’ झाले. टोयोटातून आलेल्या या रीतीत पाच हा आकडा सवयीचा आहे, नियमाचा नाही. ज्या ठिकाणी आपल्याला काही बदलता येते आणि बदलल्यावर बिघाड पुन्हा होत नाही, तिथे थांबावे. साखळी खरी आहे का हे पाहण्यासाठी ती खालून वर ‘म्हणून’ लावून वाचावी. ‘खबर मिळाली नाही म्हणून सफाईचे वेळापत्रक बदलले नाही, म्हणून क्षार साचला, म्हणून तेल तापले’ हे वाचताना कुठे अडखळायला होत नाही. तुमची साखळी ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष झाले म्हणून सील फाटले’ अशी वाचून पाहा. मधली कडी गायब आहे हे तुमच्याच कानाला जाणवेल.

याच्या जोडीला एक दुसरी साखळी लागते, आणि वाहन उद्योगातले ग्राहक ती हमखास मागतात. बिघाड का झाला हे पहिलीत येते, तो आधीच लक्षात का आला नाही हे दुसरीत. आमची दुसरी साखळी त्या 45 अंशांच्या काट्यापासून सुरू झाली आणि कॅलिब्रेशनच्या यादीपाशी संपली, कारण त्या यादीत सगळे प्रेशर गेज होते, पण टाकीसोबत आलेला तापमानाचा गेज कोणी घातलाच नव्हता.

उपायांबद्दल थोडक्यात. कूलर साफ करणे ही दुरुस्ती झाली, मूळ कारणावरचा उपाय नव्हे. आम्ही सफाई दर तीन महिन्यांनी ठरवली, टॉवरच्या पाण्याचा जडपणा दर आठवड्याला मोजू लागलो, टाकीवर 60 अंशांना वाजणारा अलार्म बसवला, पाण्यात बदल करताना मेंटेनन्सची सही बंधनकारक केली आणि त्याच टॉवरवरच्या इतर प्रेसचे कूलरही उघडून पाहिले.

उपाय लागू पडला हे कसे दाखवायचे, इथे मात्र माझी एक चूक झाली. कूलर मेच्या शेवटी साफ झाला, जूनमध्ये एकही बिघाड झाला नाही, आणि मी अहवालावर ‘समाधानकारक’ लिहून मोकळा झालो. आमच्या प्रमुखांनी विचारले, “जूनमध्ये पाऊस आला, हवा थंड झाली. श्रेय कूलरला कशावरून?” त्यांचे बरोबर होते. पुण्यात उन्हाळ्याच्या शेवटी केलेला तापमानाशी संबंधित कोणताही उपाय पावसाळ्यात यशस्वीच दिसतो. म्हणून बिघाडांची संख्या सोडून आम्ही कूलरच्या दोन टोकांमधला फरक रोज नोंदवू लागलो. तो 2 अंशांवरून 8वर गेला आणि तिथेच टिकला, तेव्हा अहवाल बंद झाला. बिघाड सरासरी 11 दिवसांनी होत असेल, तर दोन आठवड्यांची शांतता पुरावा ठरत नाही. निदान त्या सरासरीच्या तिप्पट काळ आणि तसेच हवामान मिळेपर्यंत थांबावे लागते.

तुमच्या लॉगबुकच्या पानांवर बिघाडाची वेळ फक्त काही नोंदींत आहे. उरलेल्या वेळा उत्पादन विभागाच्या डाउनटाइम नोंदींमधून काढा आणि मशीन त्या दिवशी किती वाजता सुरू झाले होते तेही शेजारी लिहा. पुढच्या बिघाडाला स्पॅनर उचलण्याआधी तेलाचे तापमान आणि दाब मोजा. ही पाच मिनिटांची नोंद एकदा हुकली, की पुढच्या बिघाडापर्यंत वाट पाहावी लागते. ऑपरेटरला प्रश्न विचारा, पण “काय चुकले?” असे नको, “थांबण्याआधी आवाज किंवा वेग बदलला का?” असे विचारा. तापमानाशी संबंध नाही असे निघाले, तर तेही अहवालात लिहा.

मुलाखतीला जाताना अहवाल एका मोठ्या पानावर बसवा आणि खोडलेल्या शक्यता त्यांच्या तपासणीसह तशाच ठेवा. कारखान्याचे नाव, ग्राहक आणि पार्ट नंबर काढून टाका, आणि कागद बाहेर नेण्याची परवानगी तुमच्या साहेबांकडून लेखी घ्या. परवानगी मिळाली नाही तर कागद नेऊ नका. कोऱ्या पानावर फिशबोन आणि साखळी स्वतः काढून दाखवा. कोर्सचा प्रश्न मुलाखतीनंतर पुन्हा विचारा. त्या वेळी कोणत्या प्रश्नावर तुम्ही अडलात तेही कळवा, म्हणजे तो कोर्स हवा की हायड्रॉलिक्सचा, हे मला सांगता येईल.