मॉड्युलस कमी येतोय? भट्टीआधी मशीनकडे बघा

प्रश्न: «अ‍ॅल्युमिनाच्या पट्ट्यांची थ्री-पॉइंट बेंडिंग टेस्ट केली. स्ट्रेंग्थ ३०० मेगापास्कलच्या आसपास आहे, पण मॉड्युलस २५० गिगापास्कलच्या वर जातच नाही. सिंटरिंग कमी पडतंय का?»

भट्टीला हात लावू नका. आमच्या पट्ट्यांचा अगदी हाच आकडा आला होता आणि टेस्ट करणाऱ्या लॅबने «तुमचा माल सच्छिद्र आहे» म्हणून हात झटकले. मूळ लोड-डिस्प्लेसमेंट डेटा मागितला तर फक्त छापील रिपोर्ट पुढे केला. घनता मात्र व्यवस्थित होती. मॉड्युलस एवढा पडायला सच्छिद्रता साधारण दहा टक्के लागते, आणि मग स्ट्रेंग्थही पडली असती. त्या उत्तरापायी सिंटरिंगचे प्रयोग फुकट गेले, याचा राग अजून आहे.

खरी गोम अशी की डिस्प्लेसमेंट क्रॉसहेडवरून, म्हणजे मशीनच्या लोड देणाऱ्या हलत्या आडव्या भागावरून घेतलं होतं. तुमची पट्टी ४ मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि स्पॅन ४० मिमी धरतो. सूत्रांत σ म्हणजे स्ट्रेंग्थ, E मॉड्युलस, F लोड, L स्पॅन, b रुंदी, d जाडी आणि δ मध्यभागाचं डिस्प्लेसमेंट.

```
σ = 3FL / (2bd²)
E = FL³ / (4bd³δ)
```

३०० मेगापास्कलला पट्टी १८० न्यूटनवर तुटते. मॉड्युलस खरंच ३७० असेल, तर तोवर ती मध्यभागी जेमतेम ०.०७२ मिमी वाकते. फ्रेम, लोडसेल आणि फिक्स्चर मिळून ५००० न्यूटन प्रति मिमी कडक असतील, तर तेवढ्याच लोडला तेही ०.०३६ मिमी दबतात. क्रॉसहेड दोन्हींची बेरीज दाखवतो, म्हणून हिशेब २४७ वर येतो. स्ट्रेंग्थच्या सूत्रात δ नाहीच, त्यामुळे ती बरोबर येते.

खात्री करायची तर त्याच मालाची २ मिमी जाडीची पट्टी त्याच स्पॅनवर लावा. ती लवचिक असल्याने मशीनचा वाटा कमी होतो आणि याच गणिताने मॉड्युलस ३२२ च्या घरात येतो. माल तोच असताना आकडा चढला, तर दोष मशीनच्या दबण्याचा.

सुधारणा सोपी आहे. पट्टीच्या जागी २५ मिमी जाडीचा स्टीलचा ठोकळा ठेवा, तेच रोलर आणि तोच वेग ठेवून तेवढाच लोड द्या. ठोकळा जवळपास वाकत नाही, म्हणजे जे डिस्प्लेसमेंट दिसतं ते मशीनचं. प्रत्येक लोडला ते वजा करा. एकच सरासरी आकडा वजा करू नका, कारण सुरुवातीला रोलर बसेपर्यंत आलेख वाकडा असतो. उतार मधल्या सरळ भागातूनच घ्या. माझं मत विचाराल तर पट्टीखाली मध्यभागी एलव्हीडीटी हा डिस्प्लेसमेंट थेट मोजणारा सेन्सर लावणं सगळ्यांत उत्तम, क्रॉसहेडच्या भरवशावर मॉड्युलस छापूच नये.

हे कडक सिरॅमिकपुरतं म्हणतोय. पोर्सेलेनसारख्या कमी मॉड्युलसच्या मालात ही चूक बरीच लहान असते. आणि जाडी मायक्रोमीटरने तुटलेल्या जागेजवळ मोजा: सूत्रात तिचा घन आहे, १ टक्का चुकलात तर मॉड्युलस ३ टक्के चुकतो.