समोच्च रेषांवरून छेद काढून दोन ठिकाणं एकमेकांना दिसतात का, हे कसं ठरवायचं?

प्रश्न: टोपोशीटवर अ आणि ब हे दोन बिंदू दिलेत. छेद काढता येतो, पण ते एकमेकांना दिसतील की नाही हे नक्की कसं सांगायचं? उभं प्रमाण वाढवलं तर उत्तर बदलतं का?

उत्तर: नाही बदलत. उभं प्रमाण वाढवलं की डोंगर जितका ताणला जातो तितकीच दृष्टिरेषाही ताणली जाते.

कागदाची सरळ कड अ-ब वर ठेवा, प्रत्येक समोच्च रेषा जिथे कड ओलांडते तिथे खूण करून उंची लिहा. मग त्या खुणा आलेखावर उतरवून बिंदू हलक्या हाताने जोडा आणि अ ते ब पट्टीने सरळ रेघ मारा. मधली जमीन रेघेच्या वर आली तर दिसणार नाही.

समजा अ ७०० मीटरवर, ब ८६० वर, अंतर ८ सेंमी. अ पासून ३ सेंमीवर डोंगरधार. तिथे रेघेची उंची ७०० + १६० × ३/८ = ७६० मीटर. धारेवरची सर्वात आतली बंद रेषा ७४० ची. इथेच गफलत होते. मुलं माथा ७४० वर सपाट कापतात, पण रेषांतर २० मीटर असेल तर माथा ७४० ते ७६० मध्ये कुठेही असू शकतो. नकाशात शिखराची उंची दिली असेल तर तीच घ्या. जमीन आड येत नाही, एवढं नक्की. पण माथा ७५५ चा निघाला आणि वर सात-आठ मीटरची झाडं असली, तर ब दिसायचा नाही. समोच्च रेषांना झाडं ठाऊक नसतात!