हेल्मेटचं चलान, पण फोटोतली स्कूटर माझी नाही

"माझ्या स्कूटरवर नाशिकचं हेल्मेटचं ई-चलान आलंय. कलम 194D, दंड 500 रुपये. स्कूटर त्या दिवशी पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. फोटोत दुसरीच गाडी वाटते. 500च आहेत, भरून मोकळा होऊ का?"

भरू नका. निदान फोटो नीट बघेपर्यंत तरी नाही. मी वकील नाही, पण याच फेऱ्यातून गेलोय.

आधी रकमेचं. मोटार वाहन कायद्यात 194Dला 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र, असं आहे. कलम 200 राज्याला तडजोड शुल्क ठरवू देतं, ते महाराष्ट्रात 500. म्हणजे तुम्ही 500 भरता तेव्हा न्यायालयात न जाता गुन्हा मिटवता. एकदा मिटवलेला गुन्हा 'मी केलाच नव्हता' म्हणून परत उघडायला गेलात तर कोणी दाद देत नाही. त्यात लायसन्सचाही प्रश्न आहे, म्हणून 500 ही रक्कम किरकोळ समजू नका.

आता फोटो. mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून चलान उघडा, फोटो उतरवून घ्या आणि नंबरप्लेट मोठी करून बघा. इथे दोन शक्यता असतात आणि दोघींचे रस्ते वेगळे आहेत. प्लेटवर एखादं अक्षर वेगळं असेल, 'QB'च्या जागी 'QD' वगैरे, तर नंबर वाचण्यात किंवा टाकण्यात चूक झालीय. ते तक्रारीने सुटतं. पण अक्षर न् अक्षर तुमचाच नंबर असेल आणि गाडी वेगळ्या कंपनीची किंवा रंगाची असेल, तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतोय. अशा वेळी आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील, तेव्हा ही पोचच कामी येईल.

माझं प्रकरण पहिल्या प्रकारचं होतं, तरी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका कार्यालयाने. नाव घेत नाही. खिडकीवरच्या माणसाने फोटोकडे पाहिलंही नाही. "सिस्टीममध्ये तुमचा नंबर आहे, आधी भरा, मग तक्रार करा," म्हणाला. मग आरटीओत जा म्हणाला. आरटीओत कळलं की चलान वाहतूक पोलिसांनी केलंय, ते इथून रद्द होत नाही. माझा राग यावर आहे की चलानावर ते कोणी केलं हे छापलेलं असतं, ते वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढं न वाचता माणसाला पळवतात. तुमचं चलान नाशिकचं, तर पुण्यातल्या खिडकीवर दिवस घालवू नका. त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तोच मजकूर, फोटो, आरसी आणि तुमच्या गाडीचा नंबर दिसेल असा समोरून-मागून काढलेला फोटो लावून नाशिकच्या वाहतूक शाखेला स्पीड पोस्टानेही पाठवा. मजकूर चार ओळींचा ठेवा: चलान क्रमांक, तारीख-वेळ, फोटोतली गाडी आणि माझी गाडी यांतला फरक, आणि चलान रद्द करावं ही विनंती.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण आजच मागून घ्या. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, आणि नंतर हळहळून काही मिळत नाही.

मुदतीबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम 167A प्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून 15 दिवसांत पाठवायची असते. तुम्हाला उशिरा आली असेल तर ते अर्जात लिहाच, पण माझ्या मते फक्त त्यावर भिस्त ठेवू नका, फोटोतला फरक जास्त बोलका आहे. तसंच, फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायची असते, पण न्यायालय उशीर माफही करू शकतं. शिवाय पोर्टलवरचं चलान आपोआप जात नाही, त्यामुळे 'गप्प बसा, मुदत संपेल' हा सल्ला मला पटत नाही.

लोकअदालतीचा मेसेज आला तर घाबरून जाऊन पैसे भरू नका. तिथे तडजोड होते, आणि झाली की तिच्यावर अपील नाही. जो गुन्हा केलाच नाही त्यात तडजोड कसली? "मला मान्य नाही" म्हटलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जाऊ शकतं, आणि तिथे फोटो दाखवून आपली बाजू मांडता येते. फक्त तिथे हरलात तर दंड 500 नव्हे, कायद्यातला 1000 होऊ शकतो, हे धरून चला.

आणि व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एपीके फाइल आली तर उघडू नका. खरं चलान सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या नंबराने सापडतं, त्यासाठी फाइल बसवावी लागत नाही.