बोलणं थांबलं तरी म्युझिक दबलेलंच राहतं

मी नागपूरच्या संत्रा मार्केटवर व्हिडिओ केलाय. बोलताना म्युझिक आपोआप खाली करणारं ऑटो डकिंग लावलं, पण मी थांबलो तरी म्युझिक वर येत नाही. काय बदलू?

रेकॉर्डिंग करताना कूलर चालू होता का? मग बहुधा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वरचा आवाज बोलणं म्हणून धरला जातो ती, फार खाली आहे, आणि कूलरची घरघरही बोलणं म्हणून धरली जातेय. मीटर बघा. नुसता कूलर -४५ डीबीवर आणि तुमचा सर्वांत हळू शब्द -२८ वर असेल, तर थ्रेशोल्ड -३५ ठेवा.

रिडक्शन म्हणजे संगीत किती खाली जाणार. १२ डीबीपासून सुरू करा, शब्द बुडत असतील तरच वाढवा.

रिकव्हरी म्हणजे संगीत परत वर यायला लागणारा वेळ. ०.२ सेकंद ठेवली तर दोन वाक्यांमधल्या श्वासालाही संगीत उसळतं, ते कानाला फार खुपतं. साधारण एक सेकंद ठेवून ऐका.